गोड बोलणं: शेरातलं आणि मोबाईलवरचं

आज आपण ज्या विषयावर बोलणार आहोत, तो बचतगटाच्या बैठकीत हिशेब संपल्यावर, वही मिटल्यावर निघतो. कुणाच्या तरी लेकीचा साखरपुडा झालेला असतो, मुलगा पुण्याला किंवा सुरतेला कामाला असतो, आणि रात्री दोघांचं मोबाईलवर बोलणं चालू असतं. आई म्हणते, "काय एवढं लिहिते, कोण जाणे." लेक म्हणते, "काही नाही गं, जेवलीस का विचारतो." दोघींचंही खरं असतं. ज्याला आताची मुलं फ्लर्टिंग म्हणतात आणि आपण लाडीगोडी किंवा खडा टाकून पाहणं म्हणतो, ते पूर्वी एका भाषेत चालायचं आणि आता दुसऱ्याच भाषेत चालतं. या दोन भाषा कशा चालतात, कुठे फसतात, आणि फसल्या हे कसं ओळखायचं, ते आज पाहू.

आधी जुनी भाषा. खडा टाकणं या शब्दातच तिचं मर्म आहे. विहिरीत खडा टाकला की आवाजावरून पाणी किती खोल आहे ते कळतं, आणि आपण मात्र काठावर कोरडे राहतो. जुन्या लाडिक बोलण्याची सगळी रीत तशी होती. मनातलं सरळ सांगायचं नाही. असं काही बोलायचं की समोरच्या माणसाला समजलं तर समजलं, आणि समजून घ्यायचं नसेल तर त्यालाही मोकळीक राहिली पाहिजे. गावात, एकत्र कुटुंबात, चार माणसांच्या देखत बोलायचं असल्यामुळे ही रीत तयार झाली. कुणाचंच तोंड पडत नव्हतं.

उखाणा आणि शेर, एकाच घरचे

शायरी म्हटलं की आपल्याला वाटतं, ते उर्दू, ते मोठ्या लोकांचं. पण आपल्या पोवाड्या-लावणीचा शाहीर हा शब्द आणि शायर हा शब्द एकाच अरबी शब्दातून आले आहेत. आपल्या खानदेशाला तर ही भाषा परकी नाहीच. फारुकी सुलतानांचा कारभार बुऱ्हाणपुराहून चालायचा, 1601 साली अकबराने असीरगड घेतला तेव्हा ते राज्य संपलं. पण फारसीतले शब्द आपल्या तोंडी राहून गेले. धुळ्याच्या शेजारी मालेगावात मुशायऱ्यांची परंपरा आहेच.

मराठीत गझल आणायचं मोठं काम माधव जूलियन यांनी केलं. ते फारसीचे प्राध्यापक होते, आणि त्यांचा 'गज्जलांजली' हा संग्रह 1933 साली आला. पुढे अमरावतीच्या सुरेश भटांनी गझल घराघरात नेली आणि तिचे नियम नवख्यांना समजावेत म्हणून 'गझलेची बाराखडी' लिहिली. पण आपल्या आजच्या विषयाला सगळ्यात जवळचे आहेत यवतमाळचे भाऊसाहेब पाटणकर. ते पेशाने वकील, आणि शिकारीचा मोठा शौक. त्यांनी शेरांची रीत अस्सल मराठीत उतरवली, तीही हसतखेळत. 'दोस्तहो', 'जिंदादिल' ही त्यांची पुस्तकं आहेत. कुणाच्या गावच्या वाचनालयात मिळाली तर जरूर वाचा.

आता शेर असतो कसा, ते बघू. शेर म्हणजे दोन ओळी. पहिली ओळ काहीतरी मांडते आणि ऐकणाऱ्याला थांबवून ठेवते. दुसरी ओळ अचानक वळण घेते आणि नेम लागतो. मी दोन ओळी जुळवल्या आहेत. वृत्ताला काटेकोर नाहीत, पण समजायला पुरतील:

वाट पाहत नव्हतो आपली, एवढेच सांगायचे होते;
दार उघडे होते, कारण वाऱ्याला आत यायचे होते.

दोन्ही ओळींच्या शेवटी 'होते' आलं आहे. जो शब्द असा जसाच्या तसा पुन्हा येतो, त्याला रदीफ म्हणतात. त्याच्या आधी 'सांगायचे' आणि 'यायचे' यांचं यमक जुळलं आहे, त्याला काफिया म्हणतात. एवढं व्याकरण आपल्याला पुरे. खरी गंमत अर्थात आहे. माणूस सांगतो, मी वाट पाहत नव्हतो. आणि दार उघडं ठेवल्याचं कारण म्हणून वाऱ्याचं नाव घेतो. जो उगाच कारण देतो तो काय लपवतो, हे ऐकणारीला कळतंच. पण त्याने कबूल काहीच केलेलं नसतं.

मैत्रिणींनो, ही बांधणी तुम्हाला नवीन नाही. लग्नात, डोहाळजेवणात, हळदीकुंकवात तुम्ही जो उखाणा घेता, तो याच मापाचा असतो. एक असा घ्या:

तापीच्या काठावर केळीची बाग,
...रावांच्या बोलण्यात लटकाच राग.

पहिल्या ओळीत केळीच्या बागेचा नवऱ्याशी काही संबंध नाही. ती ओळ फक्त सगळ्यांना गप्प करते. दुसऱ्या ओळीत नाव येतं आणि त्या नावाला एक चिमटा बसतो. सासरे, दीर, नणंदा सगळे ऐकत असतात, आणि तरी नवरा-बायकोचं आपसातलं काहीतरी बोलून होतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही अशी रूढी होती. त्या बंदीतूनच बायकांनी चारचौघांत खडा टाकायची ही हक्काची जागा काढली. तेव्हा शेर आपल्याला जमणार नाही असं कुणी म्हणू नये. मात्र एक फरक लक्षात ठेवा. शेरात पुरुष बोलतो आणि बाई बहुतेक वेळा चंद्र, फूल, नाहीतर पडद्याआडची सावली असते. उखाण्यात बाई स्वतः बोलते.

'आपण' या शब्दाची करामत

जुन्या मराठी बोलण्यात आणखी एक हत्यार होतं, ते म्हणजे संबोधन. मराठीत 'तू' आहे, 'तुम्ही' आहे आणि 'आपण' आहे. आणि 'आपण'चे अर्थ दोन आहेत. आदराने बोलताना 'आपण' म्हणजे तुम्ही, आणि एरवी 'आपण' म्हणजे तुम्ही आणि मी मिळून. "आपण कुठे निघालात?" म्हटलं की तुम्ही. "आपण कुठे निघालो?" म्हटलं की दोघं. क्रियापदावरून फरक कळतो. पण "आपण चहा घ्यावा" म्हटलं तर? तुम्ही घ्या असंही होतं, आणि दोघांनी मिळून घेऊ असंही होतं. ऐकणारीने मान दिला असं समजायचं की जवळीक केली असं समजायचं, हे तिच्यावर सोडलेलं असतं.

आणि 'तुम्ही'वरून 'तू'वर येणं ही तर केवढी मोठी घटना असायची. पहिल्यांदा 'तू' म्हटलं गेलं तो दिवस लक्षात राहायचा. मोबाईलवर पहिल्या दिवशीच 'तू' सुरू होतं. त्यात वाईट काही नाही. शहरातल्या मुली नवऱ्याला 'तू' म्हणतात आणि नवरा त्यांना 'तू' म्हणतो, म्हणजे निदान बरोबरी आहे. आपल्याकडे पुष्कळ घरांत तो 'तू' म्हणतो आणि ती 'अहो' म्हणते. साखरपुडा झालेल्या लेकीला एवढंच सांगावं की मोबाईलवर काय म्हणायचं आणि सासूबाईंच्या समोर काय म्हणायचं, हे दोघांनी आधीच बोलून ठरवावं. नाहीतर लग्नानंतर पहिल्याच सकाळी सवयीने तोंडून 'ए' निघून जातं आणि मग नको ते रामायण होतं.

मोबाईलची भाषा वाईट नाही, पण तिचे खड्डे वेगळे आहेत

आता नवी भाषा पाहू. "जेवलीस का?", "काय करतेस?", "पोचलीस का?" वरवर पाहिलं तर यात काव्य काहीच नाही. पण आपल्या अहिराणीतही माया दाखवायची म्हणजे "जेवण व्हयनं का?" असंच विचारतात. रोज एका ठरावीक वेळी कुणीतरी आपण जेवलो का विचारतं, याचा अर्थ मुलीला बरोबर कळतो. तेव्हा शब्द साधे म्हणून प्रेम साधं, असं समजू नये. शिवाय या भाषेत मुलगीही आधी बोलू शकते, प्रश्न सरळ विचारू शकते, "दारू पितोस का?" असंसुद्धा. शेराच्या भाषेत हा प्रश्न कुणी विचारला नसता, आणि तो विचारणं तर फार गरजेचं असतं.

खड्डे आहेत ते तीन. पहिला, आवाज दिसत नाही. "हं" हा एकच शब्द तोंडाने दहा तऱ्हांनी म्हणता येतो. मोबाईलवर लिहिलेला "हं" एकाच तऱ्हेचा दिसतो, आणि वाचणारी आपल्या मनातली भीती त्यात घालून वाचते. तिला वाटतं तो चिडला, आणि तो बिचारा रात्रपाळीला मशिनसमोर उभा असतो.

दुसरा खड्डा खुणांचा. व्हॉट्सॲपवर एक बरोबरची खूण म्हणजे संदेश निघाला, दोन म्हणजे त्याच्या मोबाईलवर पोचला, आणि त्या निळ्या झाल्या म्हणजे त्याने उघडला. पूर्वी पत्राच्या उत्तराला आठ-दहा दिवस लागायचे आणि वाट पाहण्यातच अर्धी गोडी असायची. आता खूण निळी होऊन दहा मिनिटं झाली की भांडण. उघडला म्हणजे उत्तर द्यायला मोकळा आहे, असं ती खूण सांगत नाही. तेवढं तिच्याकडून वाचू नये.

तिसरा खड्डा लिपीचा. आपली मुलं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात. इंग्रजीत ळ नाही आणि ल-ळ एकाच अक्षराने लिहितात, काना बहुधा दाखवत नाहीत. मग 'काल', 'काळ', 'कळ' आणि 'कल' हे चारही शब्द जवळपास सारखेच दिसतात. साध्या निरोपात संदर्भावरून चालून जातं. पण जिथे शब्दाच्या वळणावरच सगळी गंमत आहे, तिथे ती गंमत मरते. काही नाजूक लिहायचं असेल तेव्हा तरी मोबाईलचा कीबोर्ड मराठीवर करावा.

उसना शेर कसा ओळखावा

आता या दोन्ही भाषांची सरमिसळ झाली की काय होतं ते पाहा. मुलगा एरवी "काय करतेस" लिहितो आणि रात्री अकराला एकदम चार ओळींची शायरी पाठवतो, गुलाबाच्या चित्रासकट. बहुतेक वेळा ती कुणाकडून तरी आलेली असते आणि पुढे ढकललेली असते. तेवढ्याने तो खोटा ठरत नाही. पूर्वीही पत्रात दुसऱ्याच्या ओळी घालायचे. पण मुलीने त्याच्यावरून माणूस जोखू नये.

ओळखायची खूण सोपी आहे. त्या ओळींतून तुमचं नाव काढून शेजारणीचं घातलं तरी त्या जशाच्या तशा बसतात का? बसत असतील तर त्या तुमच्यासाठी नाहीत. तुम्ही काल जे बोललात, तुमच्या गावात जे घडलं, तुमचा जो स्वभाव आहे, त्यातलं काही त्यात आहे का? नसेल तर ते छापील कार्ड समजा. आणखी एक परीक्षा म्हणजे हसत विचारावं, "याचा अर्थ समजावून सांगा ना." ज्याला ओळ भावली म्हणून त्याने पाठवली, तो दोन वाक्यांत सांगेल. ज्याने नुसती ढकलली, तो दुसरी पाठवेल.

एक उदाहरण, सुरुवातीपासून

समजा, मुलगी पारोळा तालुक्यातली आहे, मुलगा चाकणला कंपनीत आहे, आणि लग्नाला तीन महिने आहेत. त्यांचं रोजचं बोलणं असं चालतं. तो: "काय करतेस?" ती: "काही नाही." तो: "मग?" ती: "तुम्ही सांगा." तो: "काही नाही." मग दोघंही "हं" लिहून झोपतात. आठ दिवसांनी मुलीला वाटतं, याला आपण आवडतच नाही. बिघडलं काय? "काय करतेस?" हा प्रश्न स्वतःचं काहीच देत नाही आणि नेमकं काही मागतही नाही. त्यामुळे त्याला "काही नाही" हेच उत्तर येणार.

आता शेराची बांधणी याच साध्या भाषेत कशी घालता येते ते पाहा. पहिली गोष्ट, आज खरोखर घडलेलं काहीतरी एक घ्यायचं. दुसरी, मनातलं त्याच्या आडून बोलायचं. तिसरी, समोरच्याला बोलायला जागा ठेवायची. मुलगा लिहितो:

"आज डब्यात वांग्याचं भरीत होतं. भरीत म्हणायचं म्हणून म्हणतो. खरं भरीत कुठे मिळतं तो पत्ता मला माहीत आहे, पण वाटेत लग्नाची तारीख आडवी येते."

यात चंद्र नाही, गुलाब नाही. भरीत मात्र खानदेशचं आहे, आणि पत्ता तिचा आहे. शेजारणीचं नाव घालून हे वाक्य चालणार नाही. आणि तिला उत्तर द्यायला तीन वाटा आहेत. ती भरताबद्दल बोलू शकते, डब्याबद्दल विचारू शकते, किंवा तारखेवर येऊ शकते. समजा, ती लिहिते:

"तारखेला आम्हीही रोज विचारतो. ती म्हणते, आधी वांगी भाजायला शिका."

बघा, तिनेही कबूल काही केलं नाही, आणि सगळं सांगून टाकलं. 'आम्ही' हे आपल्याकडचं जुनं लाडिक वळणही सहज आलं. तिला पुढे जायचं नसतं, तर तिने लिहिलं असतं, "मेसवाल्याला सांगा, वांगी नीट भाजा." तोही दुखावला नसता, आणि आज तिचं मन नाही एवढं त्याला कळलं असतं.

हीच रीत लग्न होऊन पंधरा वर्षं झालेल्यांनाही लागू पडते. ज्यांचे नवरे बाहेरगावी आहेत, त्यांचं फोनवरचं बोलणं हळूहळू फक्त सिलेंडर, शाळेची फी आणि पाण्याच्या पाळीपुरतं उरतं. ते बोलायलाच हवं. पण त्यातल्याच एका गोष्टीला वळण देता येतं. "पाण्याची पाळी रात्री दोनची आली आहे. एकटीला बाऱ्यावर भीती वाटत नाही, पण बॅटरी धरायला कुणी असतं तर बरं" हे वाक्य अर्धं शेतीचं आहे आणि अर्धं कशाचं आहे, ते त्याला कळेल.

एक सावधगिरी मात्र ठेवा. जुनी भाषा फार घातली तर ती टोमण्यासारखी वाटते. वीस वर्षांच्या मुलाला "आपण भोजन केलेत का?" असं लिहिलं तर तो विचारेल, काय चुकलं माझं? अलंकार एकच पुरे.

होकार आडून, नकार सरळ

आता शेवटची गोष्ट, आणि ती नीट ऐका. आडून बोलायची रीत गोडीसाठी आहे. नकारासाठी ती वापरू नका. पूर्वी चारचौघांची लाज असल्यामुळे माणूस बहुधा थांबायचा. मोबाईलवर बघायला चारचौघं नसतात. एकच माणूस एका रात्रीत चाळीस संदेश पाठवू शकतो. मुलगी भिडेपोटी हसरा चेहरा टाकते, "बघू" म्हणते, "आज नको" म्हणते, आणि त्याला तो होकारच वाटतो, किंवा तो तसं दाखवतो.

थट्टा कुठे संपली, हे ओळखायची खूण अशी आहे. थट्टा करणारा तुमचा "नको" ऐकून हसून बाजूला होतो. त्रास देणारा कारण मागतो, रुसतो, शपथा घालतो, फोटो मागतो, "माझ्यावर विश्वास नाही का" म्हणतो, नाहीतर आधीचे संदेश घरी दाखवीन म्हणतो. तो ठरलेला नवरा असला तरी हे चालवून घ्यायचं नाही. संदेशाचा फोटो काढून कुणालाही पाठवता येतो, आणि पाठवलेला फोटो परत घेता येत नाही.

अशा वेळी एकदाच, साध्या शब्दांत लिहायचं: "मला हे संदेश नको आहेत. पुन्हा पाठवू नका." याचं महत्त्व कायद्यातही आहे. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तिच्या कलम 78 प्रमाणे, बाईने आपल्याला रस नाही असं स्पष्ट दाखवल्यावरही एखादा पुरुष पुन्हा पुन्हा संपर्क करत राहिला, किंवा तिचा मोबाईल-इंटरनेटचा वापर चोरून पाहत राहिला, तर तो गुन्हा आहे. पहिल्यांदा सिद्ध झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून तुमचा तो सरळ नकार पुसून टाकू नका. आलेले संदेश नंबर आणि तारखेसकट दिसतील असे फोटो काढून ठेवा, मग तो नंबर बंद करा, आणि घरातल्या किंवा गटातल्या एका भरवशाच्या बाईला सांगा. तातडीची मदत हवी तर 112 आणि महिलांसाठी 181 हे क्रमांक आहेत.

आणि आईंनो, लेक असं काही सांगायला आली, तर आधी तिचा मोबाईल हिसकावून घेऊ नका. मोबाईल गेला की पुरावाही जातो, आणि पुढच्या वेळी ती सांगायलाही येत नाही.

या वेळच्या बैठकीत एक करून बघा. आपल्या गावातली, आपल्या शेतातली एक खरी गोष्ट घेऊन प्रत्येकीने नवा उखाणा जुळवायचा, पाठ केलेला म्हणायचा नाही. आणि लेकी-सुनांना सोबत बसवा. त्या मोबाईलवर काय लिहितात, ते त्यांच्याकडूनही थोडं शिकून घ्या.